दगड गेला कुठे?

लोणारवरच्या व्याख्यानाचं टिपण बहुतेकदा असं असतं: बुलढाणा जिल्ह्यातलं स्थान, सरोवराची निर्मिती, खारं पाणी, काठावरची मंदिरं, पक्षी, 2020 साली गुलाबी झालेलं पाणी आणि शेवटी संवर्धनाची गरज. तासाभरात सात मुद्दे. माहिती सगळी खरी, स्लाइडही देखण्या. तरी अर्धा तास उलटला की तिसऱ्या रांगेतला माणूस हळूच मोबाइल काढतो, आणि त्याला दोष देता येत नाही. मंदिरं पक्ष्यांच्या आधी का आली, हे वक्त्यालाही सांगता येणार नाही. पक्षी आधी घेतले असते तरी काही बिघडलं नसतं. मुद्दे असे खालीवर करून चालत असतील तर ते भाषण नव्हे, वाणसामानाची यादी आहे.

छापील लेखात यादी खपून जाते. वाचणारा मागचं पान उलटतो, नको तो परिच्छेद गाळतो. सभागृहात बसलेल्याला ही सोय नसते. आत्ता कानावर पडतंय ते कशासाठी, हे त्याला त्याच क्षणी कळावं लागतं. नाही कळलं तर पुढची दहा वाक्यं हवेत जातात. त्याच्या मनात एखादा प्रश्न रुजलेला असेल, तर कानावर येणारी प्रत्येक गोष्ट तो त्या प्रश्नाशी लावून बघतो. आपल्या नारदीय कीर्तनाची बांधणी याच समजुतीवर उभी आहे. पूर्वरंगात एका पदाचं निरूपण आणि उत्तररंगातलं आख्यान त्याच निरूपणाच्या पुष्टीसाठी. मधल्या गोष्टी कितीही रंगल्या तरी बुवा मूळ पदावर येतात.

आता लोणारसाठी प्रश्न शोधू. पहिला सुचतो तो असा: ‘लोणार सरोवर कसं तयार झालं?’ हा फसवा आहे. समोरच्या निम्म्या लोकांनी शाळेतच वाचलेलं असतं की उल्का पडली आणि खड्डा झाला. प्रश्न विचारताक्षणी मनात उत्तर तयार, मग उरलेला तास कशाला ऐकायचा? हा खरं तर विषयच आहे, फक्त त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावलंय.

पण लोणारला गेलेली चौकस मुलं हमखास विचारतात तो प्रश्न बघा: उल्का पडली म्हणता, मग तो दगड कुठे आहे? जवळपास 1.8 किलोमीटर व्यासाचा खड्डा पाडणारा दगड तिथे कुणालाच दिसत नाही. इथे ठाऊक असलेलं उत्तर डळमळायला लागतं. पडणारी वस्तूच सापडत नसेल तर ती पडली हे कशावरून? कामाचा प्रश्न ओळखायची खूण ही: शहाण्या माणसाला पटतील अशी निदान दोन उत्तरं त्याला असावीत, आणि त्यातलं कुठलं खरं हे ठरवण्याजोगा पुरावा वक्त्याच्या हातात असावा.

या प्रश्नावर तास कसा चालेल ते पाहू. पहिल्या दोन-तीन मिनिटांत प्रश्न मांडायचा आणि लगेच प्रतिस्पर्धी उत्तरं टेबलावर ठेवायची. भोवतालचा सगळा दगड काळा बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. मग हे ज्वालामुखीचं तोंड का नसावं? बराच काळ जाणकारांनाही तसंच वाटत होतं. श्रोत्यांना तो संशय मनापासून वाटू द्यावा, घाईने खोडू नये.

मग तपासणी. दख्खनचे लाव्हारसाचे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. इतक्या जुन्या खड्ड्याची कड आजवर धुऊन सपाट झाली असती. लोणारची कड मात्र अजून भोवतालच्या जमिनीपेक्षा वीसेक मीटर उंच उभी आहे. म्हणजे ज्या ज्वालामुखीने हा दगड दिला त्याने हा खड्डा पाडलेला नाही. नंतर कधी तिथे उद्रेक झाला असता तर नवा लाव्हा, नवी राख सापडली असती. ती नाही. बरं, मग जमीन खचली असेल? चुनखडीत पाण्याने पोकळ्या होतात आणि छत कोसळतं, पण बेसाल्ट तसा विरघळत नाही. शिवाय खचलेल्या खड्ड्याचे थर आत कलतात. लोणारच्या कडेवर ते बाहेरच्या बाजूला कलले आहेत, काही ठिकाणी तर पार उलटे पडले आहेत. कडेच्या त्या उलट्या थरांचा एक फोटो इथे पुरतो. सरोवराची हवाई दृश्यं दाखवायची ही वेळ नाही.

इथे श्रोत्यांना वाटतं, सुटलं कोडं. आणि इथेच प्रामाणिक वक्ता स्वतःला अडवतो. उलटे पडलेले थर एवढंच सांगतात की स्फोट झाला. तो वरून आदळल्यामुळे की जमिनीखालच्या वाफेमुळे, हे त्यांवरून ठरत नाही. या वळणावर एका मोठ्या माणसाची गाठ घालून देता येते.

ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हे अमेरिकेतले नावाजलेले भूवैज्ञानिक. अ‍ॅरिझोनात सव्वा किलोमीटरच्या आसपास व्यासाचा असाच एक खड्डा आहे आणि त्याच्याभोवती उल्केच्या लोखंडाचे तुकडे विखुरलेले होते. 1891 साली गिल्बर्ट तिथे गेले. लोखंडाचा मोठा गोळा खाली गाडला गेला असेल तर काय दिसायला हवं, हे त्यांनी आधी ठरवलं. एक म्हणजे होकायंत्राची सुई ओढली जायला हवी. दुसरं म्हणजे कडेवर उडालेला माल खड्ड्याच्या पोकळीपेक्षा जास्त भरायला हवा, कारण पोकळीतली काही जागा गोळ्याने अडवलेली असणार. सुई हलली नाही. माल आणि पोकळी जवळपास सारखीच भरली. त्यांनी निष्कर्ष काढला की खड्डा वाफेच्या स्फोटाचा आहे आणि भोवतालचं लोखंड हा योगायोग आहे. पुढे डिसेंबर 1895 मध्ये वॉशिंग्टनच्या भूविज्ञान संस्थेपुढे अध्यक्षीय भाषण करताना त्यांनी भूविज्ञानाच्या प्रगतीचा आढावा घेतला नाही. हा एकच खड्डा घेतला आणि तो कसा झाला या एका प्रश्नावर सगळं भाषण उभारलं.

उत्तर चुकलं. तो खड्डा उल्केचाच निघाला. तरी ते भाषण आजही अभ्यासलं जातं, कारण माणूस कुठल्या पायरीवर घसरला ते त्यात स्वच्छ दिसतं. मोजमापात खोट नव्हती. गोळा शाबूत राहिला असेल, हे गृहीतक चुकलं होतं. सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगाने आदळणारा प्रचंड दगड जमिनीत रुतून बसत नाही. आदळण्याच्या उष्णतेने त्याचा बहुतेक भाग वितळतो, वाफ होऊन जातो. यादीच्या भाषणात गिल्बर्ट आले असते तर ‘इतिहास’ या मथळ्याखाली एका ओळीत. इथे ते श्रोत्यांची शंका त्यांच्याहून नेमकेपणाने विचारतात, म्हणून त्यांना दहा मिनिटं दिली तरी कुणी चुळबुळत नाही.

दगड कुठे गेला ते आता कळलं. पण दगड नसताना पुरावा काय? लोणारच्या तळाशी भोकं पाडून, गाळाच्या खालून बेसाल्टचे तुकडे बाहेर काढण्यात आले. त्यांत मास्केलिनाइट सापडलं. 1973 साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. बेसाल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजाची न वितळता झालेली काच म्हणजे मास्केलिनाइट. स्फटिकाचा बाहेरचा आकार तसाच राहतो, आतली रचना मात्र मोडलेली असते. त्यासाठी हवेच्या दाबाच्या काही लाख पट दाब क्षणार्धात यावा लागतो. ज्वालामुखीला किंवा वाफेच्या स्फोटाला ते जमत नाही. हा शब्द भाषणाच्या पाचव्या मिनिटाला आला असता तर परीक्षेतली टीप वाटला असता. पन्नासाव्या मिनिटाला लोक त्याची वाट बघत असतात.

राहिलेल्या मुद्द्यांचं काय? गळतात, आणि ते गाळताना जीवावर येतं. दैत्यसूदन मंदिराची शिल्पं सुंदर आहेत, पण दगड कुठे गेला याबद्दल ती काही सांगत नाहीत. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासल्यावर ते मीठप्रिय सूक्ष्मजीवांमुळे झाल्याचं दिसलं. छान गोष्ट आहे, पण ती दुसऱ्या व्याख्यानाची. पाणी खारं का, हा मुद्दा मला सर्वांत छळतो, कारण तो प्रश्नाच्या अगदी कडेला घुटमळतो. तरी नाहीच घेणार. प्रत्येक चिठ्ठीला एकच विचारायचं: ही नसली तर उत्तर अडेल का?

टिपण बिघडतंय हे जोडशब्दांवरून ओळखता येतं. ‘यानंतर’, ‘तसेच’, ‘आता आपण वळू या’ हे शब्द दाटीवाटीने आले की समजावं, यादी परत आली. ‘पण मग’, ‘म्हणून’, ‘असं असेल तर’ दिसले की धागा शाबूत आहे. घरी मोठ्याने बोलून पाहताना दोन भागांची अदलाबदल करून बघावी. अडखळलात तर बांधणी पक्की आहे.

या पद्धतीचा सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. प्रश्न आवडला की त्याच्या उत्तराला न जुळणारी माहिती वक्ता नकळत बाजूला सारतो. वरच्या आखणीत ‘उलट्या थरांनी स्फोट सिद्ध होतो, आघात नाही’ हे वाक्य गाळलं असतं तर भाषण अधिक घोटीव झालं असतं आणि खोटंही. दुसरा धोका रहस्यकथेचा. उत्तर लपवून ठेवायचं म्हणून वक्ता आडवळणं घेतो आणि लोक वैतागतात. उल्काच पडली हे पहिल्या मिनिटाला सांगून टाकलं तरी काही बिघडत नाही, कारण ताण ‘कशावरून’ यात आहे. आणि काही बोलणी यादीचीच असतात. आग लागल्यावर काय करायचं, पिकाच्या फवारणीचं वेळापत्रक काय, तिथे प्रश्न उभा करून लोकांना ताटकळत ठेवू नये. एक, दोन, तीन सांगावं आणि कागद हातात द्यावा.

भाषणाचा बांधा टिकला की नाही हे शेवटच्या प्रश्नोत्तरांत दिसतं. यादी ऐकलेली माणसं यादीबाहेरचं काहीतरी विचारतात: राहायची सोय आहे का, बिबटे दिसतात का? दगडाचा माग काढत आलेल्या सभागृहातून हमखास येणारा प्रश्न असतो, मग हे घडलं कधी? तो भाषणात मुद्दाम घेतलेला नसतो, कारण त्याचं उत्तर वादात आहे. एका पद्धतीने वय सुमारे 52 हजार वर्षं येतं. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन वायूवर आधारलेल्या मोजणीने ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं येतं. दहापटीहून अधिक फरक. दोन्ही आकडे सांगावेत, ते कशावर मोजले तेही सांगावं, आणि सभागृहाची वेळ संपली असेल तर हा वाद बाहेर चहाच्या टेबलावर चालू ठेवावा.