आजीवन प्रमाणपत्र की मुदतीचे?

स्क्रम मास्टरच्या नोकरीसाठी दोन प्रमाणपत्रांची नावे वारंवार समोर येतात. स्क्रम अलायन्सच्या सीएसएमची मुदत दोन वर्षांनी संपते, तर स्क्रम डॉट ऑर्गचे पीएसएम-१ आजीवन असते. केन श्वेबर यांनी स्क्रम अलायन्समधून बाहेर पडून २००९ मध्ये स्क्रम डॉट ऑर्ग सुरू केली. अभ्यासाचा विषय एकच असल्यामुळे मुदतीने नेमका काय फरक पडतो, हे या जोडीत स्पष्ट दिसते.

पीएसएम-१ साठी वर्ग करण्याची सक्ती नाही. सुमारे २०० डॉलर भरून ६० मिनिटांत ८० प्रश्न सोडवायचे आणि ८५ टक्के गुण मिळवायचे. नापास झाल्यास साधारणपणे पुन्हा पैसे भरावे लागतात. सीएसएमसाठी मात्र मान्यताप्राप्त प्रशिक्षकाचा वर्ग करावाच लागतो. पुढे दर दोन वर्षांनी १०० डॉलर भरायचे आणि सुमारे २० तासांच्या अभ्यासाची नोंद करायची. म्हणजे ते दहा वर्षे चालू ठेवायचे तर चार नूतनीकरणांचे ४०० डॉलर आणि ८० तास लागतात. वर्गाची फी वेगळीच.

या खर्चातून ज्ञान ताजे असल्याचा पुरावा मिळतो का? फारसा नाही, कारण नूतनीकरणासाठी परीक्षा नसते आणि अभ्यासाचे तास उमेदवार स्वतःच नोंदवतो. आजीवन प्रमाणपत्राचीही वेगळी अडचण आहे. २०२० मध्ये स्क्रम गाइड बदलले, ‘डेव्हलपमेंट टीम’ ही संज्ञा गेली आणि ‘प्रॉडक्ट गोल’ आला. २०१६ मधले पीएसएम-१ आजही वैध आहे, पण या बदलाबद्दल ते काहीच सांगत नाही. मायक्रोसॉफ्टच्या अझूरची मधल्या पातळीची प्रमाणपत्रे वर्षभरच टिकतात. त्यांचे नूतनीकरण मोफत असते, पण त्यासाठी ऑनलाइन चाचणी द्यावी लागते. विषय झपाट्याने बदलत असताना अशा मुदतीला खरा अर्थ असतो.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी आपल्या शहरातल्या आणि आपल्या अनुभवाला साजेशा वीसतीस जाहिराती वाचाव्यात. ‘सीएसएम किंवा पीएसएम’ असे लिहिलेले असेल, तर आजीवन प्रमाणपत्रच परवडते. सीएसएमचाच आग्रह दिसला, तर पहिली नोकरी मिळेपर्यंत त्याचा खर्च योग्य ठरतो. नंतर प्रत्यक्ष कामाचा अनुभव बोलू लागतो. त्यामुळे कंपनी पैसे देत नसेल, तर पुढची नूतनीकरणे टाळण्यात फारसे नुकसान नाही.

मुदत उलटल्यावर काय होते, हेही आधीच वाचावे. सिस्कोचे सीसीएनए संपले, तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते. ‘आजीवन’ हा नियमही कायमचा नसतो. कॉम्पटियाने २०११ पासून ए प्लससारख्या प्रमाणपत्रांना तीन वर्षांची मुदत घातली. त्याआधी मिळवलेली प्रमाणपत्रे मात्र आजीवनच राहिली.