दगडी भिंत : एक की दोन?



पाड्यावरील घरांच्या बांधकामावर देखरेख करताना मी भिंतीचे तोंड नंतर पाहतो, आधी तिचे पोट पाहतो. दीड फूट जाडीची डबराची भिंत बांधताना गवंडी बाहेरून एक आणि आतून एक अशा दगडांच्या दोन ओळी लावतो आणि मधल्या पोकळीत चिपा, माती भरतो. बाहेरून ती एकच भिंत दिसते. प्रत्यक्षात त्या शेजारी उभ्या असलेल्या दोन पातळ भिंती असतात. पावसाचे पाणी आत मुरले की मधला भराव खाली बसतो आणि पाचरीसारखा दोन्ही ओळींना बाहेर ढकलतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंती अशाच दुभंगल्या आणि त्यांच्यावरील मातीची जड धाबी झोपलेल्या माणसांवर कोसळली.

या दोन ओळींना एकत्र धरून ठेवतो तो आरपार दगड. गवंडी त्याला हेडर म्हणतात. त्याची लांबी भिंतीच्या जाडीइतकी असते, म्हणून त्याची दोन टोके दोन्ही बाजूंना दिसतात. उंचीत दर २ फुटांवर आणि लांबीत दर ४ फुटांवर एक हेडर हवा. वरच्या रांगेतील हेडर खालच्या दोन हेडरच्या मध्यावर यावा.

१५ फूट लांब आणि ९ फूट उंच भिंत घ्या. हेडरच्या रांगा २, ४, ६ आणि ८ फुटांवर येतील. एका रांगेत ४ आणि पुढच्या रांगेत ३, असे एकूण १४ दगड लागतील. ते काम सुरू होण्यापूर्वीच निवडून बाजूला ठेवावेत. नाहीतर फोडताना लांब दगडांचे तुकडे होतात. लांब दगड मिळालेच नाहीत, तर मध्ये ८ मिलिमीटरची सळई घालून २ इंच जाडीचे, दीड फूट लांबीचे काँक्रीटचे तुकडे ओतून घ्यावेत.

इतर दगडही रुंद बाजूवर आडवे बसवावेत. त्यांची शेपटी भिंतीच्या निम्म्याहून अधिक आत गेली, तर समोरच्या ओळीतील दगडांशी ती गुंतते. उभा सांधा सांध्यावर येऊ देऊ नये. कोपऱ्यात लांब दगड एका थरात एका भिंतीत, तर पुढच्या थरात दुसऱ्या भिंतीत जावा. पोकळीत सुकी माती न टाकता चिपा मसाल्यात ठोकून बसवाव्यात. दिवसाला २ फुटांपेक्षा उंच चढू नये.

गिलावा झाल्यावर यातले काहीच दिसत नाही. म्हणून मी प्रत्येक हेडरच्या दोन्ही टोकांना चुन्याची खूण करायला सांगतो आणि गिलाव्याआधी आतून-बाहेरून मोजतो. दोन्हीकडे चौदा भरले, तरच गिलावा सुरू होतो. जुन्या घरात मात्र ओळंबा सोडून पाहावे. दोरीपासून भिंत मध्येच पुढे आलेली दिसली, तर तिचे दोन भाग वेगळे होऊ लागले आहेत असे समजावे. अशा फुगवट्यावर नुसता गिलावा करणे म्हणजे धोका झाकणे होय. छताला आधार देऊन तेवढा भाग उतरवावा आणि हेडर घालून पुन्हा बांधावा.