भोपळा उड्या मारतो की गडगडतो?

‘कदू क़ेलक़ेलेज़न’ ही इराणमधली लहान मुलांची लोककथा. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत लांडगा, बिबळ्या, सिंह अडवतात. ती म्हणते, लेकीकडून जाडजूड होऊन येते, मग खा. परतताना भोपळ्यात बसून येते. तुम्ही आत्ताच हसलात, कारण ही गोष्ट तुमच्या आजीनंही सांगितलेली आहे. आणि नेमकी तिथेच अनुवादकाची पंचाईत सुरू होते.

हात आपोआप ‘टुणूक टुणूक’कडे जातो. पण फारसी ‘क़ेल’ म्हणजे घरंगळणं. ‘क़ेल देणं’ म्हणजे ढकलून घरंगळवणं. तिथला भोपळा जनावरापाशी थांबतो आणि त्यालाच म्हणतो, मला ढकल! शिकारीच शिकारीला वाटेला लावतो, सगळी गंमत यात आहे. टुणूक उडणाऱ्या भोपळ्याला ढकलायला कोण कशाला हवं? म्हणजे इथे नादाचा शब्द बदलला, की गोष्टीचा सांधाच निखळतो.

मग मूळ शब्दच ठेवावा का? ‘किल किल’ म्हटलं की मराठी कानाला किलबिल ऐकू येते, पाखरं येतात. ‘घरंगळ’ अर्थानं अचूक, पण चारदा म्हणून बघा, जीभ अडखळते. उरतं ‘गडगड’. त्यात ढगही गडगडतात हे खरं, पण शेजारी भोपळा असला की मुलांचा गोंधळ होत नाही.

आता यमक. फारसीत म्हातारी म्हणजे ‘पीरेज़न’, आणि ती ‘क़ेलक़ेलेज़न’शी जुळते. जनावर भोपळ्याला म्हातारीबद्दल विचारतं, तेव्हा जी लपलीय तिचंच नाव भोपळ्याच्या नावात वाजतं! ‘गडगडणाऱ्या भोपळ्या, तू एखादी म्हातारी पाहिलीस का?’ यात अर्थ सगळा आहे, ताल मेलेला. ‘म्हातारी’ला जोड शोधताना ‘स्वारी’ सापडते:

भोपळ्याची गडगड स्वारी,
कुठं दिसली का म्हातारी?

नाही दिसली, नाही पाहिली,
ढकल मला, वाट राहिली!

प्रत्येक ओळीत चार टाळ्या बसतात, वाजवून बघा. आणि ‘स्वारी’ म्हणजे आत बसलेलीही, ही मराठीनं दिलेली वरकड.

पुनरुक्तीबद्दल एकच सांगतो. आपल्याला शाळेपासून शिकवलेलं असतं की तोच शब्द पुन्हा नको. म्हणून दुसऱ्या खेपेला ‘वृद्धा’ येते, तिसऱ्या खेपेला ‘तीच विनंती त्यानं केली’. असं करू नका. जनावरांचा क्रम सांगणाऱ्यागणिक बदलतो, पण शेवटच्याला संशय येतो आणि तो ढकलत नाही. आधीच्या दोन्ही खेपा अक्षरशः सारख्या असतील, तरच हा खंड मुलांना ऐकू येतो. मोठ्यानं वाचताना तिसऱ्या खेपेला मुलांनी तुमच्या आधी ‘ढकल मला’ म्हटलं, तर ओळ बसली. तुमच्या तोंडाकडे बघत ती गप्प राहिली, तर कुठेतरी एखादा शब्द तुम्ही बदललाय.