विश्लेषण : पवनचक्कीचा ट्रान्सफॉर्मर ‘ओव्हरलोड’ न होताही का जळतो?

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर गेलात तर पवनचक्क्यांच्या पात्यांकडे सगळ्यांची नजर जाते. काही पवनचक्क्यांच्या पायथ्याशी कुंपणात ट्रान्सफॉर्मर उभा असतो, त्याकडे कोणी बघत नाही. दिसायला तो गावातल्या डीपीचा थोरला भाऊ. काम मात्र बरेच वेगळे.

नेमके काम काय?

समजा पवनचक्की २ मेगावॉटची आहे आणि तिची वीज ६९० व्होल्टवर तयार होते. पूर्ण क्षमतेने चालताना या दाबाला सुमारे १,६७० अँपिअर प्रवाह वाहतो. एवढा प्रवाह लांब नेणे परवडत नाही. म्हणून ट्रान्सफॉर्मर दाब ३३ हजार व्होल्टपर्यंत चढवतो आणि प्रवाह ३५ अँपिअरवर येतो. अशा चक्कीला २.५ एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर दिला, तर कागदावर तो पुरून उरतो. अडचण कागदावर न दिसणाऱ्या दोन गोष्टींची आहे.

पहिली गोष्ट : पुन्हा पुन्हा ‘चार्ज’ होणे

गावातली डीपी एकदा चार्ज केली की बहुतेक वेळ चालूच असते. पवनचक्क्यांचा फीडर मात्र डोंगरमाथ्यावरून जातो. महाराष्ट्रात वाऱ्याचा मुख्य हंगाम जून ते सप्टेंबर, म्हणजे ऐन पावसाळा. विजा, ओले इन्सुलेटर, तारांवर पडणाऱ्या फांद्या, यांमुळे फीडर ट्रिप होतो. तो पुन्हा सुरू केला की त्यावरचे सगळे ट्रान्सफॉर्मर एकदम चार्ज होतात. (वारा पडला म्हणून दर वेळी ट्रान्सफॉर्मर बंद होतो, हा मात्र गैरसमज. बऱ्याच रचनांमध्ये फक्त ६९० व्होल्टकडचा ब्रेकर उघडतो. ३३ हजारांची बाजू जिवंतच राहते.)

चार्ज होताना काय घडते? बंद झाल्यावरही लोखंडी कोअरमध्ये थोडे चुंबकत्व शिल्लक राहते. पुन्हा वीज येते तेव्हा व्होल्टेजची लाट नेमकी शून्यातून जात असेल, तर कोअरमधले चुंबकत्व नेहमीच्या कमाल पातळीच्या दुपटीपर्यंत चढू पाहते. त्यात जुने शिल्लक असतेच. कोअरला ते पेलत नाही, तो ‘भरतो’ आणि प्रवाह उसळतो. याला इनरश म्हणतात. पूर्ण लोडच्या आठ-दहा पट प्रवाह क्षणभर वाहू शकतो. वाइंडिंगवरचा यांत्रिक जोर प्रवाहाच्या वर्गाने वाढतो, म्हणून आठ पट प्रवाह म्हणजे चौसष्ट पट जोर. एका धक्क्याने काही होत नाही. शेकडो धक्क्यांनी मात्र वाइंडिंग घट्ट धरणारे ठोकळे सैल होऊ लागतात.

दुसरी गोष्ट : कन्व्हर्टरची अशुद्ध लाट

वाऱ्याचा वेग बदलतो, ग्रिडला मात्र ५० हर्ट्झच हवे. मध्ये इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर बसवलेला असतो. तो वेगाने चालू-बंद होऊन लाट घडवतो आणि ५० हर्ट्झबरोबर २५०, ३५०, ५५० हर्ट्झचे तुकडेही थोडे सोडतो. हे हार्मोनिक्स. ५० हर्ट्झच्या जितक्या पट ती वारंवारता, तितकावा हार्मोनिक.

समजा पाचवा हार्मोनिक ५ टक्के, सातवा ४, अकरावा ३ आणि तेरावा २ टक्के आहे. तारेच्या साध्या रोधामुळे होणारी उष्णता यामुळे जेमतेम अर्धा टक्का वाढते. अँपिअर मीटरला फरकही कळत नाही. पण वाइंडिंगच्या धातूत भोवऱ्यासारखे फिरणारे ‘एडी’ प्रवाहही उष्णता देतात, आणि ती वारंवारतेच्याही वर्गाने वाढते. तेराव्या हार्मोनिकला १६९ ने गुणावे लागते. या उदाहरणात एडी उष्णता सुमारे ३२ टक्क्यांनी वाढते.

एकूण उष्णतेत एडीचा वाटा लहान असतो, पण ती सगळीकडे सारखी पसरत नाही. वाइंडिंगच्या टोकांशी ती एकवटते. तेलाचे तापमान दाखवणारा काटा ठीक असतो आणि आत एक जागा भाजत असते. साध्या कागदी इन्सुलेशनचे आयुष्य दर ६ अंश वाढीला निम्मे होते, हा या क्षेत्रातला मान्य हिशेब आहे. तापून कागद आकसतो आणि ठिसूळ होतो, वाइंडिंग ढिली पडते, मग पुढच्या ट्रिपनंतरचा इनरश तीच ढिली वाइंडिंग हलवतो. दोन्ही त्रास एकमेकांना असे खतपाणी घालतात.

आधी कळते का?

बऱ्याच अंशी. तेलातल्या विरघळलेल्या वायूंची चाचणी केली की हायड्रोजन, इथिलीन वाढताना दिसतात. वाइंडिंग सरकली असेल तर ते वारंवारता-प्रतिसाद चाचणीत उमटते. पण तेव्हा नुकसान सुरू झालेले असते, म्हणून खरी काळजी खरेदीच्या वेळी घ्यावी लागते. पवनचक्कीच्या ट्रान्सफॉर्मरसाठी आयईसी ६००७६-१६ हे वेगळे मानक आहे. मागणीपत्रात हार्मोनिक्सचे आकडे आणि वर्षाला किती वेळा चार्जिंग होईल हे लिहिले, तर उत्पादक वाइंडिंग जास्त घट्ट बांधतो आणि कोअरमध्ये जास्त लोखंड घालतो. ट्रान्सफॉर्मर महाग होतो. नुसते ‘२.५ एमव्हीए, ३३ केव्ही’ लिहिले की मोठी डीपीच मिळते.

जुन्या ठिकाणी निदान एक गोष्ट करता येते. चक्क्यांना स्वतंत्र स्विच असतील, तर फीडर परत आल्यावर सगळे ट्रान्सफॉर्मर एकदम न जोडता एकेक करून जोडायचे. प्रत्येकाचा स्वतःचा इनरश त्याने टळत नाही. पण फीडरवर सगळ्यांचा एकत्र भार येऊन तो लगेच पुन्हा ट्रिप होण्याची, आणि सगळ्यांनाच दुसरा धक्का बसण्याची, शक्यता कमी होते.