एक्स-रे स्वच्छ, मग सीटीत डाग कसे?

कोरोनाच्या काळात महाराष्ट्रात घरोघरी एक प्रश्न ऐकू येई: ‘स्कोअर किती आला?’ समजा, पन्नाशीतल्या एका रुग्णाला चार दिवस ताप आहे. छातीचा एक्स-रे स्वच्छ, पण सीटीत 25 पैकी 8. मग खोटं कोण बोलतंय, असा संशय घरच्यांना येणं साहजिक आहे. खरं तर दोन्ही तपासण्या बरोबर असू शकतात.

एक्स-रेचे किरण छातीतून आरपार जातात. त्यामुळे बरगड्या, स्नायू, हृदय आणि फुप्फुस या सगळ्यांच्या सावल्या एकाच चित्रात एकमेकींवर पडतात. डाव्या फुप्फुसाचा काही भाग हृदयामागे झाकला जातो, पाठीकडचा तळ श्वासपटलाच्या घुमटामागे. कोरोनाचे सुरुवातीचे डाग बहुधा याच खालच्या, पाठीकडच्या भागात आणि कडेला असत. सीटी मात्र छातीच्या जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या चकत्या दाखवते, एकावर दुसरीची सावली न पडता.

प्रत्येक ठिपक्याची घनता सीटी आकड्यात मोजते. हवा उणे 1000, पाणी शून्य; निरोगी फुप्फुस साधारण उणे 850च्या आसपास. वायुकोशांत थोडा द्रव साचला किंवा त्यांच्या भिंती सुजल्या की तो भाग काहीसा घट्ट होतो, पण हवा उरलेली असते. दुधी काचेतून पलीकडचं पुसट दिसावं तशा त्या पांढुरकेपणातून रक्तवाहिन्या दिसत राहतात. हेच ‘ग्राउंड ग्लास’. इतका सौम्य फरक एक्स-रेच्या सावल्यांत सहज हरवतो.

‘कन्सॉलिडेशन’मध्ये वायुकोश द्रवाने, पुवाने किंवा रक्ताने पूर्ण भरतात. घनता शून्याजवळ किंवा त्याहून वर जाते आणि रक्तवाहिन्यांच्या कडा त्यात बुडतात. हवा उरलेल्या श्वासनलिका मात्र पांढऱ्या भागात काळ्या फांद्यांसारख्या उठून दिसतात. असा मोठा डाग साध्या एक्स-रेवरही स्पष्ट दिसतो. म्हणून नेहमीच्या न्यूमोनियात पहिली तपासणी एक्स-रेचीच असते आणि ती पुरेशीही ठरते.

आता त्या 8 आकड्याकडे वळू. फुप्फुसाच्या पाच खंडांना, किती भाग व्यापला त्यावरून, प्रत्येकी 0 ते 5 गुण देऊन तो काढतात. डाग पातळ आहे की भरीव, हे त्यात येत नाही. एकाचे 8 निव्वळ ग्राउंड ग्लासचे असतील, दुसऱ्याचे कन्सॉलिडेशनचे. शिवाय, श्वास नीट भरून न धरता सीटी काढली तर निरोगी फुप्फुसही धूसर दिसतं. उताणं झोपल्यामुळे पाठीकडे दिसणारा पट्टा पालथं झोपवून पुन्हा सीटी काढल्यावर अनेकदा नाहीसा होतो.

ग्राउंड ग्लास हे रोगाचं नाव नव्हे. हृदय कमजोर झाल्याने फुप्फुसात साचलेलं पाणी, रक्तस्राव किंवा विषाणूसंसर्ग, कशानेही ते दिसू शकतं. म्हणून रिपोर्ट हाती आल्यावर नुसता स्कोअर पाहू नका. डाग कुठे आहेत, कोणत्या प्रकारचे आहेत आणि रक्तातला ऑक्सिजन किती आहे, हे डॉक्टरांना विचारा.