सम आणि विषम घातांच्या चिमटीत सापडलेला पाय

बारावीला इंटिग्रेशन शिकलेल्यांना एक सूत्र अंधुक का होईना आठवत असेल: साइनच्या n व्या घाताचं ० ते π/२ पर्यंतचं इंटिग्रल. परीक्षेत त्यावर हमखास गुण मिळत, म्हणून पोरं ते पाठ करत आणि पुढच्या प्रश्नाकडे वळत. सूत्र इतकं सरळ आहे की त्यात काही दडलेलं असेल अशी शंकाही येत नाही. पण तेच सूत्र आणखी दोन पावलं पुढं नेलं, तर पायची किंमत निव्वळ पूर्ण संख्यांच्या गुणाकार-भागाकारातून बाहेर येते.

आधी चित्र डोळ्यांसमोर आणू. आडव्या अक्षावर कोन मांडायचा, शून्यापासून काटकोनापर्यंत. कोन अंशांत न मोजता रेडियनमध्ये मोजला की काटकोन म्हणजे π/२, साधारण १.५७०८. साइनची वक्ररेषा डावीकडे शून्यापासून निघते आणि चढत चढत उजव्या टोकाला १ या उंचीवर पोचते. तिच्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे इंटिग्रल, आणि ते बरोबर १ भरतं. आता वक्ररेषेवरच्या प्रत्येक उंचीचा वर्ग करा, घन करा, चौथा घात करा. एकापेक्षा लहान संख्येचा घात वाढवला की ती आणखी लहान होते. त्यामुळे उजवं टोक तेवढं १ वर कायम राहतं, बाकीची रेषा खाली खाली दबत जाते आणि क्षेत्रफळ घटत जातं. n व्या घाताच्या या क्षेत्रफळाला A(n) म्हणू.

आणि शून्य घात? कुठल्याही धन संख्येचा शून्य घात १. म्हणजे A(०) हा निव्वळ आयत झाला: उंची १, रुंदी π/२. या सगळ्या गोष्टीत पाय शिरतो तो एवढ्या एकाच दारातून. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आता ते सूत्र. साइनच्या n घातांपैकी एक साइन बाजूला काढायचा, उरलेले n − १ एकत्र ठेवायचे आणि ‘बाय पार्ट्स’ करायचं. बाजूला काढलेल्या साइनचं इंटिग्रल उणे कोसाइन. त्यामुळे पहिलं पद येतं ते कोसाइन गुणिले साइनचा (n − १) वा घात, आणि त्याची किंमत दोन्ही टोकांना पाहायची असते. उजव्या टोकाला कोसाइन शून्य, डाव्या टोकाला साइन शून्य. पद दोन्हीकडे उडालं. उरतं ते (n − १) पट एक इंटिग्रल, ज्यात साइनचा (n − २) वा घात आणि कोसाइनचा वर्ग आहे. कोसाइनचा वर्ग म्हणजे १ उणे साइनचा वर्ग. तो तसा लिहिला की मूळचं A(n) पुन्हा समोर येऊन उभं राहतं:

A(n) = (n − १) × [A(n − २) − A(n)]

सगळे A(n) एका बाजूला घेतले की

A(n) = (n − १)/n × A(n − २)

इथं एक सावधगिरी. टोकाची पदं उडाली ती मर्यादा नेमक्या ० आणि π/२ होत्या म्हणून. मर्यादा ० ते π/४ घेतल्या तर वरच्या टोकाला कोसाइनही शून्य नाही आणि साइनही नाही. ते पद शिल्लक राहतं आणि सूत्र या रूपात चालत नाही. शिवाय n किमान २ हवा. n = १ ला डाव्या टोकाशी साइनचा शून्य घात म्हणजे १ येतो आणि पद उडत नाही. सूत्र पाठ केलेले विद्यार्थी चुकतात ते बहुधा इथंच.

सूत्र दरवेळी घात दोनाने उतरवतं, एकाने नाही. म्हणून हा एक जिना नसून शेजारी शेजारी असलेले दोन जिने आहेत. सम घातांचा जिना उतरत उतरत A(०) वर, म्हणजे π/२ वर संपतो. विषम घातांचा A(१) वर, म्हणजे १ वर. सहा आणि सात हे घात घेऊन पाहू:

A(६) = ५/६ × ३/४ × १/२ × π/२

A(७) = ६/७ × ४/५ × २/३ × १

पहिल्यात पाय आहे, दुसऱ्यात त्याचा मागमूस नाही. सम घात कितीही मोठा घ्या, पाय राहणारच. विषम घात कितीही मोठा घ्या, साधा अपूर्णांकच मिळणार. आणि तरीही ही दोन्ही क्षेत्रफळं एकमेकांना खेटून आहेत, कारण सहाव्या आणि सातव्या घाताच्या वक्ररेषांत फरक असतो तो किती! A(६) आहे ०.४९०९ आणि A(७) आहे ०.४५७१.

किती खेटून, हे नेमकं सांगता येतं. घात वाढला की क्षेत्रफळ घटतं, म्हणून A(६) हे A(७) पेक्षा मोठं पण A(५) पेक्षा लहान. A(५) आणि A(७) एकाच जिन्यावरचे असल्याने त्यांचं गुणोत्तर सूत्रच देतं: ७/६. म्हणजे A(६) भागिले A(७) ही संख्या १ आणि ७/६ यांच्या मध्ये अडकली. वरच्या दोन ओळींचा भागाकार करून त्यात मांडला, की π/२ असा चिमटीत सापडतो:

(२×२×४×४×६×६)/(१×३×३×५×५×७) < π/२ < त्याच्या ७/६ पट

डावीकडचा अपूर्णांक आहे २३०४/१५७५, म्हणजे १.४६२९, उजवीकडची संख्या १.७०६७. चिमटी अजून सैल आहे. पण सहा-सातच्या जागी शंभर आणि एकशे एक घेतले तर ७/६ च्या जागी १०१/१०० येतं, हजार घेतले तर १००१/१०००. चिमटी आवळत जाते आणि शेवटी हाती येतं ते असं:

π/२ = (२×२)/(१×३) × (४×४)/(३×५) × (६×६)/(५×७) × …

हा गुणाकार जॉन वॉलिस या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाचा. इंग्लंडमधल्या यादवी युद्धात राजपक्षाची सांकेतिक पत्रं पार्लमेंटसाठी उलगडून देणारा हा माणूस १६४९ मध्ये तिथं भूमितीच्या अध्यासनावर बसला; अनंतासाठी आपण वापरतो ती ∞ ही खूणही त्याचीच. ‘अरिथमेटिका इन्फिनिटोरम’ हे त्याचं पुस्तक १६५६ चं. तेव्हा न्यूटन शाळकरी वयाचा होता, लायब्निट्झ त्याच्याहूनही लहान. बाय पार्ट्सचा नियम वॉलिसकडे नव्हता, मग त्याला हे सापडलं कसं?

त्याला वर्तुळाचं क्षेत्रफळ हवं होतं. त्यासाठी तो १ − x² या राशीच्या निरनिराळ्या घातांखालची क्षेत्रफळं ० ते १ पर्यंत मांडत बसला. घात ०, १, २, ३ असे पूर्णांक असले की उत्तरं सहज निघतात: १, २/३, ८/१५, १६/३५. वाचकाने वरचा विषम जिना मोजून पाहावा. A(१), A(३), A(५), A(७) याच संख्या आहेत. वर्तुळासाठी मात्र घात हवा होता १/२, म्हणजे या यादीतल्या पहिल्या दोन आकड्यांच्या मधली रिकामी जागा. आपल्या भाषेत ती A(२). थोडक्यात, विषम जिना वॉलिसच्या हातात होता आणि सम जिना तो अंदाजाने मध्ये बसवू पाहत होता. विषम पायऱ्यांत दिसणारा नियम मधल्या पायऱ्यांनाही लागू असणार, असं त्याने गृहीत धरलं. आजच्या कसोटीवर ही सिद्धता उतरणार नाही, आणि अशा पद्धतीवर त्याच्या काळातही टीका झाली. मला मात्र त्याच्या नाकाचं कौतुक वाटतं.

आता व्यवहाराचं. पाय मोजायला हा गुणाकार अगदीच मंद आहे. दहा गट गुणून दुप्पट केली तर ३.०६७७ येतात, शंभर गटांनंतर ३.१३३८, हजारांनंतर ३.१४०८. शाळेतलं ३.१४ गाठायलाच जवळपास पाचशे गट लागतात. उणीव साधारण π/(४n) इतकी राहते, म्हणजे दसपट कष्ट केले की जेमतेम एक अंक पदरात पडतो.

चिमटी आवळायची एक युक्ती आहे आणि तीही या क्षेत्रफळांतूनच निघते. शेजारच्या दोन क्षेत्रफळांचं गुणोत्तर घातागणिक घटत जातं. त्यामुळे A(१०)/A(११) चा वर्ग A(९)/A(११) पेक्षा, म्हणजे ११/१० पेक्षा लहान असतो आणि A(१०)/A(१२) पेक्षा, म्हणजे १२/११ पेक्षा मोठा. पाच गटांचा गुणाकार १.५०१०८८. त्याला एकदा १२/११ च्या आणि एकदा ११/१० च्या वर्गमुळाने गुणून दुप्पट केली, की पाय ३.१३५६ आणि ३.१४८८ यांच्या मध्ये येतो. पाचच गटांत, कागद-पेन्सिलीवर! वॉलिसच्या पुस्तकातही सीमा आखल्या आहेत त्या अशाच वर्गमुळांनी.

हात घसरतो तो गुणाकार तोडताना. वर २×२×४×४×६×६, खाली १×३×३×५×५×७. यातला शेवटचा ७ लिहायचा राहिला, तर १.४६ च्या जागी १०.२४ येतात. एक गट पुढं जाऊन तिथला शेवटचा ९ गाळला, तर १३.३७. आकडा दीडच्या आसपास न राहता वाढतच चालला, की समजावं तुकडा चुकीच्या जागी पडला आहे. कारण २/१ × ४/३ × ६/५ … हा गुणाकार एकटा अनंताकडे जातो आणि २/३ × ४/५ × ६/७ … एकटा शून्याकडे. दोघांना जोडीनेच चालवावं लागतं.

मग हे सूत्र कामाचं कशासाठी? सम जिन्यावरचा अपूर्णांक पाहा: १/२ × ३/४ × ५/६ … नाणं दोनदा उडवलं तर नेमका एक छापा पडण्याची शक्यता १/२. चारदा उडवलं तर नेमके दोन छापे पडण्याची १/२ × ३/४, म्हणजे ३/८. सोळा शक्यतांपैकी सहा, मोजून पाहता येतं. शंभरदा उडवून नेमके पन्नास छापे हवे असतील तर पन्नास अपूर्णांक गुणावे लागतील. वॉलिसचा गुणाकार सांगतो, त्याची गरज नाही: २n वेळा उडवल्यावर निम्मे छापे पडण्याची शक्यता जवळपास १ भागिले √(πn) असते. n = ५० ला हे येतं ०.०७९८, पन्नास अपूर्णांक खरोखर गुणले तर ०.०७९६. शंभरातून बरोबर पन्नास छापे पडावेत, तर ते सरासरी साडेबारा प्रयोगांत एकदा.