पहिली मंजुरी संपते तेव्हा

“इन्शुरन्सचे साठ हजार संपले, पन्नास हजार डिपॉझिट भरा.” पाचव्या दिवशी डेस्कवरून असा निरोप आला की घरचे चक्रावतात. पॉलिसी तर पाच लाखांची!

पॉलिसी संपलेली नसते, अंदाज संपलेला असतो. पहिली मंजुरी दाखल होताना भरलेल्या फॉर्मवर मिळते. समजा, डॉक्टरांनी त्यात डेंग्यू, चार दिवस, साधा वॉर्ड असं लिहिलं आणि त्यावर साठ हजार मिळाले. तिसऱ्या रात्री धाप वाढली आणि पेशंट आयसीयूत गेला. पाचव्या दिवशी बिल एक लाख सत्तर हजारांवर पोचलं. विमा कंपनीच्या कागदावर मात्र पेशंट अजून वॉर्डातच आहे. हे तिला कळवून वाढीव रक्कम मागणं म्हणजे ‘एन्हान्समेंट’.

ही मागणी हॉस्पिटलचं इन्शुरन्स डेस्क पाठवतं, आणि गाडी बहुधा इथेच अडते. “मुक्काम वाढला, रक्कम वाढवावी” एवढंच लिहून बिल जोडलं, तर उलट टपाली क्वेरी येते: आयसीयूची गरज काय? प्रश्न रास्तच आहे. बिलावरून खर्च कळतो, कारण कळत नाही. तेच डॉक्टरांनी लिहून दिलं की ऑक्सिजन 86 टक्क्यांवर आला, एक्स-रेत न्यूमोनिया दिसला, बायपॅप लावावं लागलं, अजून चार दिवस लागतील. आणि सोबत एक्स-रेचा रिपोर्ट, आयसीयूचा चार्ट, आजवरचं बिल जोडलं, तर विचारायला फारसं उरत नाही. निदान बदललं असेल तर ते ठळक लिहायला हवं, कारण जुनी मंजुरी डेंग्यूची आहे.

म्हणून पेशंट आयसीयूत हलला त्याच दिवशी डेस्कवर विचारावं: एन्हान्समेंट गेली का? क्वेरी आली असेल तर तिची प्रत मागावी. “टीपीएकडे पेंडिंग आहे” या उत्तराचा अर्थ पुष्कळदा क्वेरी डेस्कवरच पडून आहे आणि डॉक्टर राउंडला यायचे आहेत, असा निघतो. डिस्चार्जच्या सकाळपर्यंत मागणी राहिली तर सगळा फरक एकदम अंतिम बिलात येतो. मे 2024 च्या नियमांप्रमाणे विमा कंपनीने अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. पण हे तास हॉस्पिटलची मागणी पोचल्यावर सुरू होतात.

वाढीव मंजुरीतही खोलीभाड्याची मर्यादा सुटत नाही. पॉलिसीत रोजचे पाच हजार असताना आठ हजारांची खोली घेतली, तर अनेक पॉलिसींत डॉक्टरांची फी, नर्सिंग असे खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे पाच अष्टमांशच मिळतात. असे ऐंशी हजार झाले असतील, तर त्यातले तीस आपल्या खिशातून.

आणि एन्हान्समेंट नाकारली, तरी क्लेम बुडाला असं नव्हे. पैसे भरून नंतर परतफेडीचा दावा करता येतो. त्यासाठी डिपॉझिटची प्रत्येक पावती, मूळ बिलं आणि ते नकारपत्र एकाच फाइलीत ठेवावं.